तालमीचे घड्याळ : ऑनलाइन गायनवर्गाच्या संकेतस्थळाच्या उभारणीतील अनुभव

हिंदुस्थानी गायनाचा वर्ग इंटरनेटवरून घ्यायचा, तर त्यासाठी उभारलेल्या संकेतस्थळाने वर्ग कधी आहे हे प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या घड्याळात सांगावे, वेळ झाली की हक्काच्या विद्यार्थ्याला नेमक्या दालनात पोचवावे आणि वर्ग संपल्यावर त्याचे ध्वनिमुद्रण त्याच विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढी अपेक्षा असते. गणिताच्या किंवा भाषेच्या शिकवणीलाही हीच कामे लागतात. परंतु गाण्याच्या तालमीत, म्हणजे गुरूने स्वरवाक्य गाऊन दाखवायचे आणि शिष्याने ते तसेच परत गायचे या पद्धतीत, ती वेगळ्याच जागी अडतात. पुण्यातील एका गायनशिक्षिकेसाठी असे संकेतस्थळ उभारताना आणि पुढे वर्षभर चालवताना आलेल्या अनुभवाची येथे मांडणी केली असून, संकेतस्थळ बांधणाऱ्या व्यक्तीचा उल्लेख रचनाकार असा केला आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एकच वर्ग डोळ्यांपुढे ठेवता येईल. हा वर्ग दर रविवारी भारतीय वेळेनुसार सकाळी ७ ते ८ या वेळात भरत असे आणि त्यात सहा विद्यार्थिनी होत्या : तिघी पुण्यातल्या, दोघी न्यू जर्सीतल्या आणि एक मेलबर्नची. त्यांना एकत्र आणण्यामागे वेळेच्या सोयीइतकेच पट्टीचेही कारण होते. पट्टी म्हणजे गाणारा आपला षड्ज ज्या स्वरावर ठेवतो तो पेटीवरील स्वर. या सहाही जणींची पट्टी काळी चार असल्याने शिक्षिकेने गायलेली ओळ त्यांना त्याच उंचीवर उचलता येत असे, तर काळी एकमध्ये गाणाऱ्याला तीच ओळ मनात खाली उतरवून घ्यावी लागली असती. म्हणून विद्यार्थ्याची नोंदणी करताना गाव आणि वेळ यांच्या जोडीने पट्टीचाही रकाना ठेवावा लागला. तयार वेळापत्रक-प्रणालींमध्ये असा रकाना नसतो, आणि तो नसला की केवळ मोकळी वेळ जुळली म्हणून एकत्र न गाऊ शकणाऱ्या माणसांचा वर्ग तयार होतो.

वर्ग १ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. त्या वेळी रचनाकाराने प्रत्येक विद्यार्थिनीच्या नोंदीत तिच्या गावाचे जागतिक प्रमाणवेळेपासूनचे अंतर तासांत लिहून ठेवले होते : मेलबर्न १० तास पुढे, न्यू जर्सी ४ तास मागे. भारत साडेपाच तास पुढे असल्याने सकाळी ७ चा वर्ग मेलबर्नला सकाळी ११.३० ला आणि न्यू जर्सीला आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, रात्री ९.३० ला दिसत असे, आणि सप्टेंबरभर ते अगदी बरोबर होते. दोष होता तो अंतर ही कायमची गोष्ट मानण्यात. अमेरिकेचा बहुतेक भाग आणि ऑस्ट्रेलियाचा आग्नेय भाग वर्षातून दोनदा घड्याळ एका तासाने पुढे-मागे करतात. उन्हाळ्यातील या पुढे केलेल्या वेळेला उन्हाळी वेळ म्हणतात. भारतात ही पद्धत नसल्याने भारतीय मनाला तिची सहजी आठवण होत नाही. शिवाय दक्षिण गोलार्धातला उन्हाळा उलट्या महिन्यांत येत असल्यामुळे शरद ऋतूत मेलबर्नचे घड्याळ पुढे जाते, तर न्यू जर्सीचे मागे येते.

मेलबर्नचा बदल ६ ऑक्टोबरला झाला. त्या दिवशी तिथली विद्यार्थिनी संकेतस्थळावर दिसणाऱ्या ११.३० ला हजर झाली, तेव्हा पुण्यात सकाळचे ६ वाजले होते. ती तासभर रिकाम्या दालनात बसली आणि तिनेच वेळ वाचण्यात चूक केली असावी असा सर्वांचा समज झाला. ३ नोव्हेंबरचा रविवार भाऊबीजेचा असल्याने त्या दिवशी वर्गाला सुट्टी होती, आणि नेमक्या त्याच रविवारी पहाटे अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे गेली. पुढच्या, १० नोव्हेंबरच्या वर्गाला न्यू जर्सीच्या दोघी आपल्याकडील शनिवारी रात्री ९.३० ला आल्या, तेव्हा पुण्यात ८ वाजून वर्ग संपत होता. सुट्टीच्या बदलात काही गैरसमज झाला असेल असे शिक्षिकेला वाटले, आणि तसे वाटणे स्वाभाविक होते. खरे कारण रचनाकाराच्या ध्यानात आले ते दोन्ही प्रसंग शेजारी ठेवल्यावर : विसरलेला माणूस दहा किंवा पंचवीस मिनिटे चुकतो, पण या तिघी बरोबर साठ मिनिटे चुकल्या होत्या आणि एकाच गावातल्या दोघी एकाच दिशेने चुकल्या होत्या. चूक पूर्ण तासाची असेल, ठरावीक गावातल्या सर्वांची असेल आणि मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात उद्भवली असेल, तर दोष माणसाचा नसून साठवलेल्या अंतराचा आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते.

उपाय असा की अंतर साठवायचेच नाही. गावाच्या कालविभागाचे नाव साठवायचे आणि त्या त्या तारखेचे अंतर संगणकाला दर वेळी शोधू द्यायचे. जगातील कालविभागांची व त्यांतील बदलांची एक सामाईक नोंदवही असते, जवळजवळ सर्व संगणकप्रणाली तिचाच आधार घेतात आणि तिच्यात पुण्याचा विभाग `Asia/Kolkata`, न्यू जर्सीचा `America/New_York` आणि मेलबर्नचा `Australia/Melbourne` या नावाने येतो. पुन्हा पुन्हा येणारा वर्ग लिहिण्यासाठी कॅलेंडरची जी प्रमाणित भाषा आहे, तिच्यात हा रविवारचा वर्ग आणि भाऊबीजेची सुट्टी पुढील तीन ओळींत मावते :

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20240901T070000
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=SU
EXDATE;TZID=Asia/Kolkata:20241103T070000
```

पहिली ओळ वर्गाची सुरुवात आणि ती कोणत्या घड्याळात मोजायची ते सांगते, दुसरी दर रविवारची पुनरावृत्ती सांगते आणि तिसरी त्यातून एक रविवार वगळते. मात्र या लेखनात दडलेला एक निर्णय संगणक घेऊ शकत नाही, तो माणसांनीच घ्यावा लागतो, आणि तो म्हणजे वर्ग कोणाच्या घड्याळाला बांधायचा. तो न्यू जर्सीच्या रात्री ९.३० ला बांधला असता, तर हिवाळ्यात शिक्षिकेचा वर्ग ८ वर सरकून तिच्या पुढच्या वर्गावर आदळला असता. बरीच चर्चा होऊन सर्व वर्ग शिक्षिकेच्या घड्याळाला बांधले गेले, कारण एका विद्यार्थिनीची वेळ हलली तर एका घराची सोय बदलते, पण शिक्षिकेची एक वेळ हलली की तिच्यामागच्या सगळ्या वेळा हलतात. त्याची भरपाई म्हणून घड्याळबदलाच्या दोन आठवडे आधी संबंधित विद्यार्थिनींना नवी वेळ कळवणारा निरोप जाऊ लागला, आणि त्यात ‘रविवारी सकाळी’ अशा शब्दांऐवजी वाचणाऱ्याच्या गावातला वार, तारीख व वेळ लिहिण्याचा नियम झाला. १० नोव्हेंबरच्या वर्गाचा निरोप त्या नियमाने असा असता : न्यू जर्सीसाठी शनिवार ९ नोव्हेंबर रात्री ८.३०, मेलबर्नसाठी रविवार १० नोव्हेंबर दुपारी १२.३०.

याच निर्णयाला संगीताची एक बाजू आहे. रागाला प्रहर असतो, म्हणजे तो गाण्याची दिवसातील वेळ परंपरेने ठरलेली असते, आणि रविवारी सकाळी शिक्षिका भैरव शिकवत असे. एकाच वर्गात तो पुण्याला सकाळी, मेलबर्नला दुपारी आणि न्यू जर्सीला रात्री पोचत होता. शिक्षिकेने ही विसंगती मान्य केली, पण दूरच्या तिघींनी ध्वनिमुद्रण मात्र आपापल्या पहाटे ऐकावे आणि रियाज तेव्हाच करावा अशी अट घातली. ध्वनिमुद्रण ही गैरहजर विद्यार्थ्यांची सोय आहे असे रचनाकार तोवर समजत होता. ते तालमीचाच दुसरा अर्धा भाग आहे हे या अटीमुळे प्रथमच स्पष्ट झाले.

१० नोव्हेंबरच्या प्रसंगाने आणखी एक दोष उघडा पाडला. तोपर्यंत सर्व वर्गांसाठी बैठकीचा एकच कायमचा दुवा वापरात होता. त्यामुळे उशिरा आलेल्या न्यू जर्सीच्या दोघी बंद दाराशी थांबण्याऐवजी आठच्या नवशिक्यांच्या वर्गात सरळ जाऊन बसल्या, आणि आधीची बैठक कोणी संपवलीच नसल्याने दोन्ही वर्गांचे मिळून दोन तासांचे एकच ध्वनिमुद्रण तयार झाले, जे दोन्हींपैकी कोणत्याच वर्गाला जसेच्या तसे देता येईना. यावर प्रतीक्षालय, म्हणजे यजमानाने एकेकाला आत घेण्याची सोय, हा नेहमीचा उपाय सुचवला जातो. परंतु तानपुरा जुळवून डोळे मिटून गाणाऱ्या शिक्षिकेने दर दोन मिनिटांनी पडद्याकडे पाहावे ही अपेक्षाच तालमीच्या विरुद्ध जाते. म्हणून राखणदारीचे काम बैठकीतून काढून संकेतस्थळाकडे दिले गेले. प्रत्येक तारखेच्या वर्गासाठी स्वतंत्र बैठक तयार होऊ लागली, पण विद्यार्थिनीला तिचा दुवा कधी दिसतच नसे. तिच्या पानावर ‘वर्गात या’ एवढे एकच बटण असे. वर्गाच्या दहा मिनिटे आधी ते जिवंत होई, दाबणारी व्यक्ती त्या वर्गात नोंदलेली आहे का हे संकेतस्थळ तपासे आणि मगच तिला त्या दिवसाच्या दालनात पाठवी. पानाचा पत्ता वर्षभर तोच राहिल्याने मागची बैठक रद्द होऊन नवी तयार झाली तरी कोणाला काही कळवावे लागत नसे. यजमानाचा दुवा वेगळा असतो आणि तो ज्याच्या हाती पडेल तो स्वतः यजमान होऊ शकतो. म्हणून तो डेटाबेसमध्ये न ठेवता शिक्षिकेने बटण दाबल्यावर त्या क्षणी मागवला जाई.

दालनात शिरल्यावर जे घडते त्यावर संकेतस्थळाचा ताबा नसतो, पण ते घडणार आहे हे धरूनच पानाची रचना करावी लागते. पुणे आणि न्यू जर्सी यांच्यात सुमारे साडेबारा हजार किलोमीटरचे अंतर आहे आणि काचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ तार टाकली तरी आवाज एका बाजूने पोचायला ६० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागणारच. वळसे, आवाजाचे तुकडे पाडून बांधणी आणि जोडणी धरता जाऊन-येऊन होणारा विलंब सहज ३०० मिलिसेकंदांच्या घरात जातो. मिनिटाला १२० मात्रांच्या तीनतालात एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते. तेव्हा शिक्षिकेच्या ठेक्यावर पलीकडची विद्यार्थिनी अचूक समेवर आली, तरी शिक्षिकेला ती अर्ध्या मात्रेहून अधिक मागे पडल्यासारखी ऐकू येते. विद्यार्थिनीची लय खरोखर कच्ची आहे की हा प्रवासाचा विलंब आहे, हे ओळखण्याची सोपी खूण अशी की विलंबाने आलेली चूक सर्व आवर्तनांत सारखीच राहते, तर कच्ची लय कमी-जास्त होत जाते. यावर उपाय नाही, पद्धत बदलावी लागते : दोघींनी एकत्र गायचे नाही आणि ठेका गाणाऱ्याच्याच बाजूला वाजवायचा.

तानपुऱ्याची अडचण याहून सूक्ष्म आहे. बैठकीच्या प्रणाली बोलण्यासाठी घडवलेल्या असल्यामुळे अखंड, एकसारखा चालणारा ध्वनी पंख्याचा किंवा यंत्राचा गोंगाट समजून पुसून टाकतात, आणि तानपुरा तर नेमका तसाच अखंड ध्वनी आहे. शिक्षिका गात असताना तो तिच्या आवाजामागे अर्धवट ऐकू येतो आणि ती थांबली की दोन-तीन सेकंदांत विरून जातो, म्हणजे विद्यार्थिनीला स्वर लावायचा असतो नेमक्या त्याच क्षणी आधार नाहीसा होतो. झूममध्ये `Original Sound for Musicians` ही सोय सुरू केली की ही छाटणी थांबते. मात्र त्यातच प्रतिध्वनी रोखण्याचे कामही बंद ठेवले, तर कानाला हेडफोन लावणे अनिवार्य होते, नाहीतर पलीकडचा आवाज परत माइकमध्ये शिरतो. हे सर्व जमले तरी दुरून आलेल्या तानपुऱ्यावर विसंबता येत नाही, म्हणून ‘वर्गात या’ बटणाच्या शेजारीच त्या वर्गाच्या पट्टीतला तानपुरा विद्यार्थिनीच्या स्वतःच्या यंत्रावर सुरू करण्याची सोय ठेवली गेली. पट्टीचा रकाना इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडला.

उरते ते ध्वनिमुद्रण, आणि रचनाकाराचा सर्वांत जास्त वेळ त्यानेच घेतला. वर्ग संपला की बैठकीची प्रणाली चित्रफीत तयार झाल्याचा निरोप संकेतस्थळाला धाडते, संकेतस्थळ ती खाजगी साठ्यात उतरवून घेते आणि त्या वर्गाच्या पानाशी जोडते, इथपर्यंतचे काम सरळ आहे. सेकंदाला ५०० किलोबिट या दराने तासाभराची चित्रफीत सुमारे २२५ मेगाबाइटची होते आणि ९६ किलोबिटच्या दराने केवळ आवाज घेतला तर ४३ मेगाबाइट पुरतात. बहुतेक विद्यार्थिनींनी काही आठवड्यांतच चित्र सोडून आवाजच ऐकायला सुरुवात केल्यामुळे तोच आधी पुढे ठेवला जाऊ लागला.

फीत कोणी परस्पर पुढे पाठवू नये म्हणून साठ्याकडून मुदतीचा दुवा घेतला जातो. त्यात मुदत आणि सही गुंफलेली असते आणि मुदत संपली की तो निकामी होतो. रचनाकाराने ही मुदत १५ मिनिटांची ठेवली होती, कारण फीत एकदा सुरू झाली की ती चालतच राहील असे गृहीत होते. चित्रपट पाहणाऱ्याच्या बाबतीत ते बहुधा खरे ठरते. रियाज करणारी व्यक्ती मात्र एक ओळ ऐकून थांबते, गाते, मागे जाते, पुन्हा ऐकते आणि चार मिनिटांच्या तुकड्यावर तासभर घालवते. ती मागे गेली की ऐकवणारे यंत्र फितीचा तेवढाच भाग त्याच दुव्यावरून नव्याने मागते आणि तोवर दुवा मेलेला असतो. ‘फीत मध्येच बंद पडते’ एवढीच तक्रार आल्याने आधी विद्यार्थिनींच्या इंटरनेटला दोष दिला गेला. सर्व्हरच्या नोंदीत मात्र प्रत्येक वेळी `403`, म्हणजे प्रवेश नाकारल्याचे उत्तर, दिसत होते, आणि तेही दुवा दिल्यानंतर १५ मिनिटे उलटल्यावरच. मुदत चार तासांची केल्यावर तक्रारी थांबल्या. पडद्यावर वाजणारा आवाज दुसऱ्या यंत्रावर टिपणाऱ्याला कोणतीच मुदत अडवू शकत नाही, ही मर्यादा शिक्षिकेला आधीच स्पष्ट सांगितली होती. तिचा आग्रह तरीही एवढाच होता की एका विद्यार्थिनीचे चुकलेले, तुटलेले स्वर दुसऱ्या वर्गातल्या कोणाच्या कानी पडू नयेत, आणि तो आग्रह पाळता आला.

तासाभराच्या फितीतून हवी ती चाळीस सेकंदांची तान शोधणे ही विद्यार्थिनींची खरी अडचण होती. त्यासाठी वर्ग चालू असताना महत्त्वाच्या क्षणी खूण करण्याचे बटण दिले गेले. ते दाबले की घड्याळातील वेळ नोंदली जाते आणि नंतर तिचे फितीतील स्थान काढले जाते. एका रविवारी ध्वनिमुद्रण ७.०६.२० ला सुरू झाले आणि बंदिशीच्या मुखड्याची, म्हणजे समेकडे नेणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्याची, खूण ७.३१.०५ ला झाली, तेव्हा ती फितीत २४ मिनिटे ४५ सेकंदांवर बरोबर सापडली. त्याच फितीत ७.५२.१० ची तानेची खूण मात्र ४५ मिनिटे ५० सेकंदांवर सापडायला हवी असताना तिथे भलतेच काही ऐकू येत होते. मधल्या काळात, ७.४० ते ७.४३.३० पर्यंत, एका विद्यार्थिनीशी खाजगी बोलण्यासाठी शिक्षिकेने ध्वनिमुद्रण स्थगित केले होते आणि फितीतून तेवढा वेळ गळला होता. तान प्रत्यक्षात ४२ मिनिटे २० सेकंदांवर होती. एका जागेपर्यंतच्या खुणा अचूक आणि तिच्यापुढच्या सर्व सारख्याच प्रमाणात चुकलेल्या, असे दिसले की मध्ये स्थगिती आहे असे समजावे. पुढे प्रत्येक स्थगितीची सुरुवात आणि शेवट नोंदून तेवढा वेळ आपोआप वजा होऊ लागला.

खुणा करायच्या कोणी, हा प्रश्न मात्र यंत्राने सुटला नाही. हातात तानपुरा असताना शिक्षिकेला बटण दाबता येत नव्हते, आणि मांडी घालून बसणाऱ्या गायिकेला पायाने दाबायचे बटण देऊन उपयोग नव्हता. अखेर सहा जणींनी पाळी लावून घेतली आणि दर रविवारी एक विद्यार्थिनी खुणा करू लागली. शिक्षिकेची अपेक्षा होती की खुणा बंदिशीच्या स्थायी-अंतऱ्यावर आणि तानांवर पडतील, आणि पहिले दोन-तीन आठवडे तसेच झाले. पुढे प्रत्येकीने आपल्याला जे उमजले नव्हते त्यावर खूण करायला सुरुवात केली, आणि भैरवचे सहा वर्ग झाल्यावर त्या खुणा एकाखाली एक मांडल्या तेव्हा त्यांचा सर्वांत दाट पुंजका कोमल ऋषभाच्या आंदोलनावर, म्हणजे त्या स्वराला दिल्या जाणाऱ्या संथ झोक्यावर, पडलेला दिसला. ती यादी कागदावर उतरवून शिक्षिकेने आपल्याजवळ ठेवून घेतली, आणि पुढच्या रविवारी बंदिशीला हात न लावता ७ ते ७.२५ पर्यंत केवळ षड्ज आणि ऋषभ एवढेच गाऊन घेतले.